सहावी शंका

आमच्या इस्पितळात डॉक्टर बोलतात, मशीन लिहितं आणि आम्ही दोघी मशीनचे कान उपटतो. तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी आमची खोली आहे. दोन टेबलं, दोन हेडफोन, आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टरांचा आवाज चार सेकंद मागे जातो. मी हे अकरा वर्षं करते आहे. घरी नवऱ्याने एखादं वाक्य अर्धवट सोडलं तरी माझा पाय आपोआप जमिनीवर आपटतो.

खोलीत माझं नाव शंकाबाई. ते ठेवलं माझ्या शेजारणीने. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि काम इतकं झपाट्याने उरकते की मी तिला विमान म्हणते. विमानाला कधी शंका येत नाही. मला श्वास घेताना येते.

त्या महिन्यात नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. डॉक्टरांना पाठवलेल्या प्रत्येक शंकेला एक लाल रेघ. दिवसाला पाचपर्यंत ठीक, सहावी झाली की सोमवारपासून बाहेरच्या काउंटरवर. "शंकांमुळे कागद अडकतात, लोक खोळंबतात," साहेब म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

काउंटर म्हणजे दिवसभर काचेच्या भोकातून ओरडायचं. मला ते नको होतं. मला माझी खुर्ची हवी होती, हेडफोन हवे होते. लोकांशी बोलण्यापेक्षा मला त्यांचं ऐकायला जास्त आवडतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत माझ्या नावापुढे पाच रेघा झाल्या होत्या.

"शंकाबाई, आता तोंडाला कुलूप," विमान म्हणाली.

"तू आधी हे बघ," मी तिच्या पडद्याकडे बोट केलं. "डिस्फेझिया लिहिलंय. म्हणजे बोलायला त्रास. आणि पुढच्या ओळीत काय? 'फक्त पातळ पदार्थ द्यावेत.' बोलता येत नाही म्हणून कुणाला पेज देतात का?"

तिने हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. "डिस्फेजिया. गिळायला त्रास. आवाजही स्पष्ट आहे की."

"आवाज स्पष्ट, अर्थही जुळतो, मग बिनधास्त दुरुस्त कर. आकडा असेल, औषधाचं नाव असेल, डावं-उजवं असेल, तर मात्र स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही. जागा मोकळी सोडायची आणि विचारायचं."

"आणि काउंटरवर बसायचं," ती हसत म्हणाली.

तेवढ्यात माझ्याकडे बिस्किट डॉक्टरांची फाइल आली. हे डॉक्टर भले आहेत, हुशार आहेत, पण वॉर्डातून चालता चालता, फोनवर आणि बिस्किट खात बोलतात. पेशंट एक म्हातारे गृहस्थ. चार वाजता घरी जाणार होते. त्यांची मुलगी दुपारपासून आमच्या दाराशी बसली होती आणि दर दहा मिनिटांनी, "काकू, झाला का हो कागद?" विचारत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटच्या ओळीत मशीनने लिहिलं, "इन्सुलिन फिफ्टी बी गिव्हन ॲट नाइट."

रात्री पन्नास! दाखल होतानाच्या कागदावर रात्रीचा डोस चौदा होता. चौदाचे एकदम पन्नास कसे होतील? मी पेडल दाबलं. मागे ट्रॉलीचा खडखडाट, तोंडात बिस्किट, आणि मध्येच काहीतरी 'फिफ'सारखं. आवाज हळू करून ऐकला. पंधरा असणार. फिफ्टीन. पुन्हा ऐकलं, तर खरंच 'फिफ्टीन' ऐकू आलं.

इथेच मला घाम फुटला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पडद्यावर फिफ्टी होतं, तर कानाला फिफ्टी ऐकू आलं. मनात फिफ्टीन आल्यावर फिफ्टीन. म्हणजे कान माझा राहिलाच नव्हता, तो डोक्याच्या सांगण्यावरून चालत होता.

"काय झालं?" विमान म्हणाली.

"पन्नास की पंधरा."

"पंधराच! चौदाच्या शेजारचा आकडा. टाका आणि मोकळ्या व्हा. पाच रेघा भरल्या तुमच्या."

तिचं म्हणणं पटत होतं, हीच तर पंचाईत. पंधरा लिहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. कागद मुलीच्या हातात, खुर्ची माझ्याखाली, सगळे खूश. मी पंधरा टाइपसुद्धा केले.

मग पुसले. तिथे मोकळी जागा सोडली आणि डॉक्टरांना पाठवलं: "रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं चौदा सेकंदांवर मशीनने फिफ्टी लिहिलं आहे. दाखल होताना डोस चौदा होता. आवाज स्पष्ट नाही, 'बी गिव्हन'च्या आधी काहीतरी तुटतंय. रात्रीचा डोस किती, कळवावे."

"निदान 'पंधरा ना?' असं तरी विचारा," विमान वैतागली. "लवकर उत्तर येईल."

"त्यासाठीच विचारत नाही."

साहेब पाचच मिनिटांत आले. लाल पेन घेऊनच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तक्त्याकडे पाहिलं, आणि त्यांनी सहावी रेघ मारली. मला खरंच रडू येत होतं.

तोच दारात बिस्किट डॉक्टर उभे. शर्टावर चुरा, श्वास लागलेला. जिना उतरून आले होते.

"बाई, पाच!"

"पाच?" आम्ही तिघेही एकदम म्हणालो.

"फाइव्ह, टू बी गिव्हन ॲट नाइट. पहाटे साखर एकदम खाली गेली त्यांची. नर्सच्या कागदावर आहे, तुमच्यापर्यंत कुठून येणार? म्हणून डोस कमी केला." ते खुर्चीवर टेकले. "पन्नास कुणीतरी पकडले असते हो. पंधरा कुणाच्याच डोळ्यांत खुपले नसते. रात्री म्हातारा झोपेतच गार पडला असता. आणि तुम्ही 'पंधरा ना?' विचारलं असतंत, तर मी चालता चालता 'हो' म्हणून टाकलं असतं. माझी सवय मला माहीत आहे. तुम्ही 'किती' विचारलंत, म्हणून थांबून आठवावं लागलं."

मी पेडल दाबलं. आता 'फाइव्ह टू' लख्ख ऐकू आलं; मशीनने तेच जोडून 'फिफ्टी' केलं होतं. मेल्या कानाला लाज म्हणून नाही.

साहेब तक्त्यासमोर गेले. माझ्या सहा रेघा त्यांनी पुन्हा मोजल्या. मग पेनचं टोक विमानच्या नावासमोरच्या कोऱ्या जागेवर टेकवलं.

"इथे काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे सगळं स्पष्ट ऐकू आलं, की..."

विमान लालबुंद झाली. तिने हेडफोन चढवले आणि सकाळची पहिली फाइल पुन्हा उघडली. साहेबांनी तक्ता काढला, घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाले, "सोमवारी इथेच बसा. हिलाही विचारायला शिकवा."

मी मोकळ्या जागेत पाच लिहिले, डॉक्टरांची सही घेतली आणि कागद घेऊन दाराशी गेले. मुलगी धडपडत उठली.

"रात्री इन्सुलिन किती द्यायचं?" मी विचारलं.

तिने वाचलं. "पाच."

"कागद न बघता सांग."

"पाच, काकू! किती शंका घेता हो तुम्ही!"

आत विमानने गळा काढला, "शंकाबाई, इकडे या ना. सकाळच्या फाइलमध्ये मी उजवा गुडघा लिहिलाय. आता ऐकते तर नक्की कळत नाहीये."

"मग मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "डॉक्टरांना विचार. आणि 'उजवा ना?' असं विचारायचं नाही."