सात तारीख

कॅप्शन लिहायचं म्हटलं की सार्थकच्या अंगात कुणीतरी जाहिरातवाला संचारायचा. "तुमच्या आयुष्यातले अनमोल क्षण टिपतो आम्ही! मोजक्याच तारखा शिल्लक! आजच मेसेज करा!" आणि पुढं चार कॅमेरे, तीन हृदयं. तनुजाला हे वाचलं की दात आंबल्यासारखं व्हायचं. शहरातल्या शंभर फोटोग्राफरांनी शंभर वेळा लिहिलेलं हे वाक्य, आणि त्यातल्या नव्व्याण्णवांना क्षण कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, असं तिचं स्पष्ट मत होतं. नवऱ्यालाही ती ते तोंडावर सांगायची. सार्थक व्हिडिओ उत्तम काढायचा, तेवढ्यावर त्याला माफी होती.

छावणी भागात एका बेकरीच्या वर त्यांचा स्टुडिओ होता, दोन खोल्यांचा. पोस्ट लिहायचं काम तनुजाचं, आणि तिचा नियम एकच. फोटोबद्दल एक खरी गोष्ट सांगायची, मग मोकळी तारीख सांगायची आणि गप्प बसायचं. गेल्या हंगामात या नियमानं त्यांना तारलं होतं. यंदा मात्र ड्रोनवाल्यांनी बाजार उठवला होता. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी डिसेंबरातले दोन मुहूर्त रिकामेच होते, आणि आज सकाळी त्यात तिसऱ्याची भर पडली.

साडेनऊला कन्नडहून तात्यासाहेबांचा फोन आला. त्यांच्या लेकीचं, अमृताचं लग्न सात डिसेंबरला होतं. सप्टेंबरात तनुजानंच तिचे आणि नवऱ्या मुलाचे फोटो काढले होते आणि खाली लिहिलं होतं, "सात डिसेंबरला कन्नडला भेटू." तात्यासाहेब नेहमी ऐसपैस बोलायचे. आज मोजून बोलले. मुलाचं पुण्यात आधीच रजिस्टर लग्न झालेलं होतं, त्याचा कागद काल रात्री त्यांच्या हाती पडला होता. लग्न मोडलं.

"तुला आधी सांगितलं पोरी," ते म्हणाले, "मुहूर्ताची तारीख हाय. तुझी वाया जाऊ नये. दुसऱ्या कुणाला दे. पण अमृताला अजून ठावं नाय. ती तिकडंच हाय, शहरात. मी येतो न् समोर बसवून सांगतो. तवर आमचं नाव कुठं निघू देऊ नको."

तनुजानं शब्द दिला. तिला मनापासून वाईट वाटलं. अमृता तिला आवडायची, एका लॅबमध्ये काम करणारी, कमी बोलणारी, फोटो काढताना "ताई, मला हसायला सांगू नका" म्हणणारी मुलगी. पण वाईट वाटून झाल्यावर तिचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेलं. सात, चौदा, एकवीस. तीन मुहूर्त रिकामे, म्हणजे हंगाम बसलाच म्हणायचा. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

ती लिहायला बसली. फोटो गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नाचा होता, नवरीची मावशी तिच्या पाठीशी वाकलेली.

"हळदीनंतर नवरीच्या ब्लाउजचा हूक तुटला. बाहेर सगळे नवरीला हाका मारत होते. मावशीनं स्वतःच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि म्हणाली, 'हलू नको.' आम्हीही हललो नाही. खिडकीतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यावर काढला, फ्लॅश लावला असता तर दोघी सावरून बसल्या असत्या. डिसेंबरातल्या सात, चौदा आणि एकवीस या तारखा आमच्याकडं मोकळ्या आहेत."

सार्थकनं वाचलं आणि यावेळी हृदयं जोडायला सांगितली नाहीत. तनुजानं पुन्हा एकदा पाहिलं. कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. दिलेला शब्द पाळलाय अशी तिची खात्री होती. बारा वाजता पोस्ट गेली.

बारा वाजून नऊ मिनिटांनी पहिली कमेंट आली. श्रेया नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "७ तर आमच्या अमृताची आहे ना?"

तनुजानं नाव ओळखलं. श्रेया म्हणजे अमृताची चुलत बहीण, सप्टेंबरात छत्री धरून मागंमागं फिरणारी. कन्नडचं अर्धं गाव त्या फोटोंमुळं या पेजवर आलं होतं. नाव लिहायची गरजच नव्हती. ती तारीख कुणाची हे तनुजानंच गावाला सांगून ठेवलं होतं, आणि आज ती मोकळी झाल्याचंही तिनंच सांगितलं होतं. इतकी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, कारण तिचं सगळं ध्यान वाक्य किती छान जमलंय याकडं होतं.

तिनं पोस्ट अर्काइव्ह केली. पेजवरून ती नाहीशी झाली, पण स्क्रीनशॉट नावाचा प्राणी कुणाच्या बापाला आवरत नाही. सार्थक म्हणाला, नऊ मिनिटांत कितीसे लोक बघणार. तिनं आकडा दाखवला. तीनशे बारा.

तिनं तात्यासाहेबांना फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं. पलीकडं जीपचा घरघराट येत होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझं नुकसान होऊ नये म्हणून तुला सांगितलं व्हतं," ते म्हणाले. मग, "वेरूळ मागं टाकलंय. ती शहागंजात हाय, ब्लाउजच्या मापाला. सकाळी पोरीनं जाऊ का म्हणून विचारलं, तिच्या आईला बिचारीला नाय कसं म्हणावं ते सुचलं नाय. तू जा. मी येईस्तोवर तिच्याजवळ थांब."

छावणीतून शहागंजला जायला एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दुपारी तनुजाची स्कूटी प्रत्येक हातगाडीमागं अडली, प्रत्येक रिक्षावाल्याशी तिचं मनातल्या मनात भांडण झालं. वाटेत ती उत्तरं जुळवत होती. तारीख चुकून पडली म्हणावं. सार्थकनं टायपिंगमध्ये घोळ घातला म्हणावं. त्या दिवशी दुसरी टीम मोकळी आहे म्हणावं, हे तर अगदी पटण्यासारखं होतं. एक वाक्य सुबक जमवून सकाळी गोंधळ घातला होता, आता दुसरं जमवायला निघालो आहोत, हे तिच्या लक्षात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

शिंप्याचं दुकान बोळात होतं. अमृता आरशासमोर उभी होती. शिंपीणबाई साळूबाई तिच्या खांद्यावर टेप धरून आकडे सांगत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. बाकावर अमृताचा फोन पडला होता, आणि तो सारखा उजळत होता. तनुजाला बघून अमृता हसली, पण ते हसू पुरतं आलं नाही.

"ताई, तुम्ही इकडं?"

तनुजा म्हणाली, सहज आले होते. अमृतानं मान डोलावली. साळूबाईंनी तिला हात वर करायला सांगितला, तिनं केला. फोन परत उजळला.

"श्रेयानं मला फोटो पाठवलाय तुमच्या पोस्टचा," अमृता आरशातूनच म्हणाली. "आईला फोन केला तर ती रडायलाच लागली, काय झालं ते सांगंना. तात्या फोन उचलंनात. तुम्ही फोटोखाली खोटं लिहीत नाय, म्हणून तुम्हाला विचारते. सात तारीख मोकळी हाय का?"

दुसरी टीम, टायपिंगचा घोळ, सगळं तनुजाच्या जिभेवर तयार होतं. तात्यासाहेबांना दिलेला शब्दही होता. पण या मुलीनं 'मला हसायला सांगू नका' म्हटलं होतं, आणि तनुजानं तिच्याकडून खोटं हसू मागितलं नव्हतं.

"हो," तनुजा म्हणाली. "मोकळी आहे. का, ते तात्या सांगतील. ते वाटेत आहेत, तुझ्याकडंच येतायत. हे तुला माझ्याकडून कळायला नको होतं. चूक माझी आहे."

अमृताचा वर केलेला हात तसाच राहिला. साळूबाईंनीच तो हलकेच खाली केला आणि तिला बाकावर बसवलं. रडली नाही ती. फक्त विचारलं, "मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस," तनुजा म्हणाली. "एवढं मी नक्की सांगते."

तात्यासाहेब यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास तनुजाला अख्ख्या हंगामाहून मोठा वाटला. साळूबाईंनी चहा मागवला, तो कुणीही प्यालं नाही. मग बोळाच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. तात्यासाहेबांनी दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या, आत आले आणि लेकीच्या शेजारी बसले. घरून ठरवून आणलेलं त्यांना एक अक्षरही आठवेना. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग ती रडली. दारातून तिरपा उजेड दोघांवर पडला होता आणि तनुजाच्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग होती. ती उठून बोळात जाऊन उभी राहिली.

जाताना तात्यासाहेब लेकीला धरून तिच्यासमोरून तसेच निघून गेले. तिनंही थांबवलं नाही.

पुढचे दोन दिवस पेजवर काहीच आलं नाही. सार्थक म्हणाला, सात काढून टाकू आणि बाकीच्या दोन तारखांची पोस्ट टाकू. तनुजा म्हणाली, सात तारखेला मी काम घेणार नाही. तो वैतागला, पण वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अमृताचा मेसेज आला.

"ताई, ती पोस्ट परत लावा. होती तशी. सातसकट. तात्यांनी तुम्हाला त्यासाठीच सांगितलं होतं. आणि लोक कुजबुजतात, ते जास्त वाईट आहे."

तनुजानं तो मेसेज चार वेळा वाचला. मग तिनं पोस्ट अर्काइव्हमधून बाहेर काढली. मावशी, पिन, खिडकी, तीन तारखा, सगळं जसंच्या तसं आलं, आणि त्याखाली श्रेयाचा प्रश्नही, कारण अर्काइव्ह केलेल्या पोस्टबरोबर कमेंटही राहतात. हे ती विसरलीच होती. ती घाईघाईनं प्रश्न पुसायला गेली, तोवर त्याखाली उत्तर आलं होतं, अमृताच्या नावानं, तिच्या फोटोसकट, सगळ्या कन्नडला दिसेल असं.

"हो श्रेया, माझीच होती. त्यानं आधीच लग्न केलेलं होतं, म्हणून मी नाही म्हटलं. ताई फोटो चांगले काढतात. कुणाचं लग्न असेल तर सांग."

तनुजानं फोन खाली ठेवला आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. सार्थकनं काय झालं म्हणून विचारलं. तिनं त्याला वाचायला दिलं, आणि तो वाचत असतानाच फोन वाजला. फुलंब्रीहून कुणीतरी विचारत होतं, सात तारीख अजून मोकळी आहे का.

तनुजानं कॅलेंडरकडं पाहिलं आणि हो म्हणाली.