राखेवरची हॅकेथॉन

नागपुरातल्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या क्लबसाठी मयुराने इन्स्टाग्रामवर कॅप्शन टाकलं: 'हॅकेथॉन! विषय: वीज केंद्राची राख. टीम दोन ते चार जणांची, शाखा कोणतीही. पहिलं बक्षीस तीस हजार, दुसरं पंधरा हजार. नोंदणी १५ फेब्रुवारीपर्यंत, लिंक बायोमध्ये.'

पहिली कमेंट सिव्हिलच्या रोशनीची आली. 'एकटीनं चालते का? मी कोराडीची आहे, वीज केंद्राजवळच घर आहे. राख घरात नेमकी कुठून शिरते, ते मले मोजून पाहायचं आहे.'

"हे आपल्याले काहून नाही सुचलं गा?" मयुराने क्लबमधल्या मोहितला विचारलं.

"पण टीम तर कमीत कमी दोघांची पाहिजे न," मोहित म्हणाला.

मयुराने नियम तसाच ठेवला आणि कॅप्शनमध्ये एक ओळ वाढवली: 'टीम नसेल तर कमेंट करा, आम्ही जोडून देऊ.' संध्याकाळपर्यंत रोशनीला दोन जोडीदार मिळाले. एकाला सेन्सर जोडता येत होते, दुसरीला कोडिंग. तिघांची नोंदणी झाली.

मयुराला राहवेना. तिने रोशनीला फोन लावला. "सुरुवात कुठून करशील वं?"

"आई म्हणते, खिडकीतून येते. मले मागच्या दारावर संशय आहे. येतं का पाहाले?"

"उद्याच येते," मयुरा म्हणाली.