डोमनलालचा टिनकटर

तलावाकाठच्या डाकबंगल्याचा खानसामा डोमनलाल याच्या हाताला चव होती, हे अर्जुनी मोरगावपर्यंत सगळे मान्य करत. पण त्याचा तोरा त्या चवीचा नव्हता, टिनकटरचा होता. कोणी गोरा साहेब देश सोडून जाताना तो बंगल्याला ठेवून गेला होता. दोन दांड्या, एक चावी, एक धारेचं चाक आणि एक दातेरी चाक, एवढाच त्याचा संसार. डब्याची कड दोन चाकांच्या मधे धरायची आणि दांड्या दाबायच्या, की धारेचं चाक पत्र्यात घुसे. मग चावी फिरवली की दातेरी चाक कडेला दात रोवून डबा पुढे ढकली, आणि झाकण गोल कापून निघे. हे काम डोमनलाल चारचौघांसमोरच करी. दुसऱ्या कोणाला हात लावू देईल तर शपथ!

त्या वर्षी धानाच्या मळणीला तो गावी गेला. परत येऊन पाहतो तर काय, टिनकटर रुसलेला. चावी फिरे, दातेरी चाकही फिरे, पण डबा जागचा हलेना. दातांच्या फटी काळपट चिकट्यानं बुजल्या होत्या. डोमनलालनं दांड्या आणखी जोरानं दाबल्या, पिळल्या, शिव्या घातल्या, पण चाक आपलं कडेवरून घसरतच राहिलं.

तो नसताना वाळवी लागू नये म्हणून बंगल्याच्या दारांना खालून डांबर लावलं होतं, आणि स्वयंपाकघराची किल्ली असे चौकीदार बकारामकडे. झालं, डोमनलालला चोर सापडला. ह्यानंच डांबराचा डबा आपल्या टिनकटरनं फोडला! खरं तर डांबराचा डबा फोडायला कोणी कुऱ्हाडही चालवली असती, पण रागावलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला?

तो तडक गेला ओव्हरसियर हिरालालकडे. हिरालाल बरेच दिवस आपल्या मेहुण्याला कुठेतरी चिकटवायच्या खटपटीत होता. त्याला आयतंच कोलीत मिळालं. सरकारी मालाची नासधूस म्हणजे नोकरीच गेली, असं तो म्हणाला. बकारामला बोलावून विचारलं तेव्हा, मी हात लावला नाही जी, एवढंच तो बोलला आणि मान खाली घालून उभा राहिला. मोठे साहेब मुक्कामाला आले की त्यांच्यापुढे पट्टा-बिल्ला ठेवायचा, असा हुकूम झाला. बकारामला ना शेत ना घर. बंगल्यामागची खोली नोकरीबरोबरच जाणार होती, आणि त्याची बायको रुख्मा अंथरुणाला खिळलेली.

डोमनलालला चार शिव्याच ऐकवायच्या होत्या, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायला माणसाची जीभ जड होते. तो आपल्या चुलीकडे परत गेला.

साहेब आले ते म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन. सासरे कलकत्त्याकडे राहिलेले, तोंडात एक दात नाही. त्यांच्यासाठी साहेबांनी रसगुल्ल्यांचे दोन डबे आणले होते. जेवणानंतर हे द्या, म्हणून डबे स्वयंपाकघरात आले, तसा डोमनलाल ते उलटेपालटे करून बघू लागला. सुऱ्यानं फोडावं तर रसगुल्ल्यांचा चेंदामेंदा होणार, शिवाय पाकात पत्र्याचा कीस पडणार. बिनदाताचा म्हातारा तो तसाच गिळेल. टिनकटर चालू केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यानं चुलीवर पाणी उकळत ठेवलं, त्यात धोब्याचा सोडा टाकला आणि टिनकटर बुडवून ठेवला. बाभळीच्या काडीचं टोक चावून कुंचा केला. थोड्या वेळानं चिकटा मऊ पडला, पाणी पिवळं-तांबडं झालं. तिथेच डोमनलालला चुकल्यासारखं वाटलं. डांबर असतं तर सोड्याला अशी दाद देतं का? काडीनं घासत, सुईनं एकेक फट कोरत तो चाक साफ करू लागला. सुईच्या टोकावर एक बारीक ढेकूळ निघालं. त्यानं ते बोटावर चुरडलं. आत तांदळाचा तुकडा होता, आणि बोट लाल झालं होतं.

कुंकू लावलेली अक्षता होती ती.

दसऱ्याला त्यानं सुरे, झारे, खलबत्ता मांडून पूजा केली होती. मधोमध टिनकटर. त्याला मानाचं म्हणून हळदकुंकू, अक्षता, आणि वरून भरपूर जवसाचं तेल. बैलगाडीच्या लाकडाला तेच तेल पाजतात, कारण ते सुकून टणक बसतं. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. लाकडाला टणक बसणारं तेल चाकाच्या दातांतही बसेल, एवढं काही डोक्यात आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं, आणि चोर तो स्वतःच होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दात मोकळे झाले, तरी चाक कडेवर नीट दबेना. दांड्या जिथे एकमेकींवर फिरतात तिथला नट ढिला पडला होता. रागानं पिळून पिळून तोही त्यानंच ढिला केला होता. पाना होता फक्त बकारामकडे. डोमनलाल मागच्या दारी गेला. पायरीवर बसून बकाराम चिंचेच्या कोळानं पितळी बिल्ला घासत होता. परत करायचाच आहे तर लख्ख करून द्यावा, असा त्याचा विचार. पाना मागितल्यावर त्यानं काही न विचारता आणून दिला.

डोमनलालनं नट आवळला. पहिल्यांदा इतका आवळला की दांड्या उघडेनात, तेव्हा जरासा मागे घेतला. दांड्या हलत होत्या पण डगमगत नव्हत्या. स्वच्छ पाण्यानं धुऊन, चुलीपाशी कोरडा करून त्यानं कड धरली आणि दाबलं. कच् करून पत्रा भोसकला गेला. चावी फिरवताच डबा सरसर पुढे सरकू लागला.

वाटीत रसगुल्ले घेऊन तो ओसरीवर गेला. साहेब, सासरे, बाजूला हिरालाल. वाटी ठेवून तो हात जोडून उभा राहिला.

"साहेब, टिनकटर बकारामनं नाही बिघडवला. मीनंच बिघडवला. दसऱ्याले जवसाचं तेल लावलं, तेच दातांत बसलं. काढाचं असन त मले काढा."

हिरालालनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता, मग बिघडलेल्यानं डब्याचं झाकण कसं कापलं, असं विचारलं. दुरुस्त झाला असेल तर कशाला कोणाला काढायचं, असं म्हणून ते सासऱ्यांच्या वाटीत पाक ओतू लागले. विषय तिथेच मिटला.

डोमनलाल मागच्या दारी आला आणि बकारामला सगळं सांगितलं. बकारामनं बिल्ला पट्ट्यावर परत लावला. तो फारसा चकित झालेला दिसला नाही, तेव्हा डोमनलालला शंका आली.

"तुले मालूम होतं का?"

"दसऱ्याले पाहलो होतो ना जी, तेल ओतून राहिले होते तं."

"मंग काऊन नाही सांगितलं? नोकरी जाऊन राहिली होती तुही!"

"तुमी हात जोडून उभे होते," बकाराम म्हणाला. "कोनाच्या पूजेले नाव कसं ठेवाव जी?"

डोमनलाल आत गेला, ओसरीवर न्यायचा दुसरा डबा आणि टिनकटर घेऊन आला आणि दोन्ही बकारामच्या हातात दिले. कड कशी धरायची ते दाखवलं. बकारामनं बिचकत बिचकत चावी फिरवली, आणि झाकण पूर्ण कापून होईपर्यंत डोमनलालनं मधे एकदाही हात घातला नाही.