खिडकी कापण्याआधीचं वजन

दादाच्या शेडमध्ये कोटेशनं मी लिहायची. वेल्डिंग दादाचं, वजनं माझी. वेल्डरकाका मला मास्तरीण म्हणायचे, कारण कुणी अंदाजपंचे आकडा ठोकला की मी त्याला कागद आणून दाखवायला लावायची. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला ठाऊक आहे. पण आकड्यात मी कधी चुकले नाही. अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांनीसुद्धा माझा कागद तीनदा तपासला आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे, बाई." त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

दादाला जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा वहिनी शेडवर आली. कुलूप लावून घरी बसणं तिला जमणार नव्हतं. वेल्डरकाका होते, मशिनं होती, एका जुन्या गिऱ्हाइकाने चौकशीही पाठवली होती. वहिनी ऑफिसात आली, दादाच्या खुर्चीकडे न बघता स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "वन्सं, मला वजन काढायला शिकवा. तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर कोटेशन कोण देणार?"

"मी आजारी पडत नाही."

"आरशात बघितलंय का कधी? नुसता सांगाडा राहिलाय. शिकवा मुकाट्याने."

हिचा हा फटकळपणा दादाला फार आवडायचा. मी कोरा कागद घेतला. सांगितलं, लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्यायची आणि गुणायची. जाडी मात्र मिलिमीटरमध्येच ठेवायची. मग त्याला सात पॉइंट पंच्याऐंशीने गुणायचं. झालं वजन, किलोत.

"सात पॉइंट पंच्याऐंशीच का?"

"एक घनमीटर साधं पोलाद सात हजार आठशे पन्नास किलो भरतं. ही त्याची घनता. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एकच मिलिमीटर जाड पत्रा घेतला, तर तो त्याचा हजारावा भाग. म्हणून सात पॉइंट पंच्याऐंशी."

वहिनीने मान हलवली. पहिल्या उदाहरणात तिने जाडीचेही मीटर केले आणि प्लेटचं वजन पाव किलोच्या आत आलं. "ही प्लेट मी पर्समध्ये घालून नेते," ती म्हणाली. दोन महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो. हसता हसता मला रडू फुटलं, तर ती पाठ थोपटत म्हणाली, "पट्टा जुना होता, वन्सं. कुणाच्या हातात होतं ते?"

प्लेट उतरवताना पट्टा तुटून ती दादावर पडली, तेव्हापासून सगळे हेच म्हणत होते. पट्टा जुना होता. आणि मी दोन महिने मूग गिळून गप्प होते.

तिसरं उदाहरण तिने स्वतःच काढलं. माझं लक्ष नव्हतं तोवर तिने कपाटातून शेवटची फाइल घेतली होती. दादाचं शेवटचं काम. मी म्हणाले, "ती नको. दुसरी घे."

"का? मला यांचंच काम करून बघायचंय." तिने फाइल छातीशी धरली, मग उघडली.

मी ती हिसकावून घ्यायला हवी होती. पण तिचा चेहरा बघून हात उचलला गेला नाही.

काम होतं एका प्रेसच्या पायाची प्लेट. दोन पॉइंट चार मीटर लांब, एक पॉइंट दोन रुंद, चाळीस जाड. मध्ये चौकोनी खिडकी, एक पॉइंट सहा बाय पॉइंट आठ. वहिनीने जीभ दाताखाली धरून गुणाकार मांडला. "नऊशे चार पॉइंट बत्तीस," ती म्हणाली. मग माझ्या कागदाकडे बघितलं. "तुम्ही तर पाचशे दोन लिहिलंय. मी चुकले ना?"

"नाही. बरोबर आहेस."

"मग?"

"खिडकी वजा केलीय. तिचे चारशे दोन. त्या गिऱ्हाइकाला तयार मालाचं वजन हवं होतं, म्हणून कोटेशनमध्ये तेवढंच लिहिलं."

एरवी मी नेहमी आख्ख्या प्लेटचं वजन लिहायची. आधीची दोन कामं आमच्या हातून गेली होती आणि यावेळी कागद गिऱ्हाइकाच्या मनासारखा असावा म्हणून मी शहाणपणा केला. खाली आख्ख्या प्लेटचं वजन लिहून ठेवायला एक ओळ लागली असती. ती मी लिहिली नाही.

आमच्याकडे माल आला की गाडीवरच प्लेटवर खडूने वजन लिहायची पद्धत होती. सहाशे किलोच्या आत असेल तर क्रेनला पट्टा लावून उतरवायची, वर असेल तर साखळी. साखळी जड, तिला वेळ लागायचा, पण नियम म्हणजे नियम. दादाला प्लेट बघून अंदाज यायचा नाही असं नाही. वीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस तो. पण त्याचा अंदाज आणि माझा आकडा जुळला नाही, तर तो स्वतःच्या अंदाजाला हसायचा.

वहिनी कागदावरून बोट फिरवत होती. बोट खिडकीच्या रेघेवर थांबलं. ती हळूच म्हणाली, "खिडकी कधी कापतात? गाडीवरून उतरवायच्या आधी की नंतर?"

मला खोटं बोलता आलं असतं. वहिनीला कटिंगमधलं काय कळत होतं? मी म्हणू शकले असते की कापूनच आली होती. मग ती बिचारी आयुष्यभर पट्ट्याला शिव्या देत राहिली असती आणि मला पोळी वाढत राहिली असती.

"नंतर," मी म्हणाले. "शेडमध्ये आणून."

"म्हणजे त्या दिवशी प्लेट आख्खी होती."

"आख्खी होती."

"मग प्लेटवर पाचशे दोन कुणी लिहिलं?"

"दादानेच. मी फोनवर होते. तो दारात आला, खडू हातात होता. म्हणाला, 'मास्तरीण, आकडा सांग. मला ही जड वाटतेय.' मी फाइल उघडली, शेवटची ओळ वाचली. पाचशे दोन. तो म्हणाला, 'नक्की?' मला राग आला. मी म्हणाले, 'माझ्या आकड्यावर शंका घेतोस?' तो हसला आणि गेला."

बाहेर वेल्डरकाकांचं ग्राइंडर चालू होतं, ते बंद झालं. वहिनीने मला मारलं असतं, माझे केस ओढले असते, तर मी पायाशी बसून मार खाल्ला असता. पण तिने नवा कागद घेतला. दोन पॉइंट चार गुणिले एक पॉइंट दोन. गुणिले चाळीस. गुणिले सात पॉइंट पंच्याऐंशी. नऊशे चार पॉइंट बत्तीस. तिने ते खोडलं आणि खाली परत मांडलं. परत तेच आलं. तिसऱ्यांदा तिने प्रत्येक हातचा मोठ्याने म्हटला, कुठेतरी चुकावं म्हणून.

मग तिने पेन्सिल माझ्यापुढे ढकलली.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "तुम्ही चुकत नाही ना? पाचशे दोन आणून दाखवा."

मी पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोर गणित मांडायला लागले.