जानेवारीचा कप्पा

कुणी विचारलं की मी काय काम करते, तर मी सांगते, साफसफाई. आई नागभीडला शेजारणींना सांगते, पोरगी चंद्रपूरला वाघाच्या ऑफिसात आहे. दोन्ही खरं आहे. जंगलाकाठच्या गावांच्या शिवेवर आमच्या कंपनीने कॅमेरे लावलेत. कॅमेऱ्याला वाघ दिसला की निरोप चंद्रपूरच्या सर्व्हरला येतो, आणि सर्व्हर त्या गावातल्या पेटीला सांगतो, भोंगा वाजव. पेटी आणि कॅमेरे दर मिनिटाला आपली खबर पाठवतात: चालू आहे, नेटवर्क आहे, भोंगा वाजला, भोंगा बंद केला. ही सगळी खबर एका टेबलात साठते. त्या टेबलाची राखण माझ्याकडे.

मार्चमध्ये त्या टेबलात बासष्ट कोटी ओळी होत्या. नियम असा की तीन महिन्यांपलीकडचं काढून टाकायचं. माझ्या आधीच्या माणसाने त्यासाठी रोज चालणारी एक डिलीट लावून ठेवली होती. ती सात-सात तास चालायची. आणि एवढं करून डिस्क रिकामी व्हायची नाही, कारण डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, मेलेली ओळ म्हणून तिथेच पडून राहते आणि मागून झाडणारा प्रोग्राम येईल त्याची वाट बघते. आमचा झाडणारा कायम मागे पडलेला असायचा. डिलीट चालू असताना सर्व्हर इतका धापा टाकायचा की भोंग्याचा निरोप दोन-दोन मिनिटं उशिरा जायचा. वाघाला दोन मिनिटं पुष्कळ होतात. मी तावातावाने मीटिंगमध्ये म्हटलं होतं, हे असं चाललं तर एक दिवस माणूस मरेल आणि आपण ओळी मोजत बसू.

उपाय काही जगावेगळा नव्हता. टेबलाचे महिन्यागणिक कप्पे करायचे. जानेवारीच्या ओळी जानेवारीच्या कप्प्यात, फेब्रुवारीच्या फेब्रुवारीच्या. जुना महिना नको झाला की अख्खा कप्पाच काढून टाकायचा. कोठीतले किडके दाणे एकेक वेचत बसण्यापेक्षा पोतंच उचलून बाहेर ठेवावं, तसं. सात तासांचं काम एका सेकंदाच्या आत होतं आणि डिस्क लगेच मोकळी.

एकच गोष्ट ठरवायची होती. प्रत्येक ओळीला दोन वेळा होत्या. एक पेटीने स्वतःच्या घड्याळात पाहून लिहिलेली, म्हणजे घटनेची वेळ. दुसरी ती ओळ सर्व्हरला पोचल्याची वेळ. जुनी डिलीट पोचल्याच्या वेळेवर चालायची. मी कप्पे घटनेच्या वेळेवर केले. कारण सगळे अहवाल घटनेची वेळच विचारतात, आणि मग सर्व्हर तेवढ्या महिन्याचाच कप्पा उघडतो, बाकीच्यांना हात लावत नाही. पुस्तकातही हेच सांगितलंय. मला वाटलं, फार शहाणं काम केलं.

एप्रिलच्या मध्यात कप्पे झाले. निरोप तीन सेकंदांत जाऊ लागले. दोन मे रोजी मी जानेवारीचा कप्पा काढला. खरं तर आधी तो नुसता वेगळा करून महिनाभर बाजूला ठेवता येतो, काही राहिलं तर सापडतं. पण डिस्क शहाण्णव टक्के भरली होती आणि या टेबलाचा बॅकअप कंपनी घेतच नव्हती, जड होतं म्हणून. मी थेट ड्रॉप केला, म्हणजे कायमचा पुसला. अर्धा सेकंदही लागला नाही. मला आनंद झाला होता, हे लपवून काय उपयोग.

सहा मे रोजी मुखरूभाऊ ऑफिसात आला.

मुखरू खडकटोल्याचा. पन्नाशीचा, गावातल्या पेटीचा राखणदार. पेटीचं सौर पॅनल पुसायचं, पेटी चालू आहे ना बघायचं, एवढं काम. नऊ एप्रिलला पहाटे त्याची बायको बुधरी मोहाची फुलं वेचायला गेली होती. कॅमेऱ्याला वाघ दिसला, त्याचा निरोप शिवेपलीकडच्या टॉवरवरून सर्व्हरला पोचला, पण खडकटोल्यात भोंगा वाजला नाही. बुधरीला शिवेवरच्या मोहाखालून वाघाने नेलं. गावात बोललं जाऊ लागलं की मुखरूनेच पेटी बंद करून ठेवली होती. रानडुक्कर आलं तरी भोंगा वाजायचा, लोक कावायचे, आणि फेब्रुवारीत एकदा त्याने खरंच बटण बंद केलं होतं. चौकशी समिती बसली. टॉवरवाल्यांनी लिहून दिलं की गावचा टॉवर चालू होता. आता राहिली आमची नोंद.

त्याच्यासोबत त्याची मुलगी सुकरी होती. ती बापापासून चार हात लांब उभी होती.

"बाई, म्या बंद नोती केली," मुखरू म्हणाला. "आदल्या दिवशी म्या पाह्यलं. हिरवा दिवा होता. नेटवर्कचा तेवढा लाल होता. तुमच्या मशीनमंदी असंन नं सारं?"

"असंन नं भाऊ," मी म्हटलं. "मिन्टा-मिन्टाचं असते."

मी खडकटोल्याची पेटी लावली, एप्रिल महिना लावला. सात तारखेपर्यंत दर मिनिटाची ओळ होती. त्या आठवड्यात वादळाचे ढगाळ दिवस होते. सात तारखेच्या संध्याकाळी ओळी थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या अकरा तारखेच्या दुपारी. मध्ये काहीच नाही. नेटवर्क नसलं तरी चालू पेटी आपल्या पोटात ओळी लिहून ठेवते आणि नेटवर्क आलं की सगळ्या पाठवते. म्हणजे ओळी नाहीत याचा अर्थ एकच, पेटी बंद होती.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मला राग आला होता, बुधरीसाठी आला होता, आणि तो मी त्या माणसावर काढला. "पाहा भाऊ. चार दिवस काईच नाई. पेटी चालू असती तं इथी दिसली असती. मशीन खोटं काऊन बोलंन?"

तो वाकून त्या रिकाम्या जागेकडे बघू लागला. त्याला वाचता येत नव्हतं, पण रिकामं आहे एवढं दिसत होतं. सुकरी बाहेर निघून गेली. मी अहवालावर सही केली: सदर काळात पेटी बंद असल्याचे दिसते.

अठरा मेला वडसाकडे वादळ झालं. तीन दिवसांनी माझ्या स्क्रीनवर चुका येऊ लागल्या. तिकडच्या एका गावाची पेटी ओळी पाठवत होती आणि सर्व्हर त्या परत फेकत होता: या ओळीसाठी कप्पा सापडत नाही. मी तारीख पाहिली. पंधरा जानेवारी. मे महिन्यात पेटी म्हणत होती की आज पंधरा जानेवारी आहे.

वाजिदला बोलावलं. गावोगाव पेट्या बसवतो तो हाच, वरोऱ्याच्या घड्याळजीचा मुलगा.

"पंधरा जानेवारी म्हणजे पेटीची जन्मतारीख हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी आपण सॉफ्टवेअर बनवलं. आतमंदी घड्याळाचा छोटा सेल असते. स्वस्तातले घेतले, सारे बसून राह्यले. ढग आले, पॅनल चाललं नाई, बॅटरी उतरली का पेटी बंद. ऊन पडलं का चालू. पण टाइम कोण सांगंन तिले? नेटवर्क येईपर्यंत ती जन्मतारखेपासूनच मोजते."

"हे तू पहिले काऊन नाई सांगतलं?"

"सेलचं तीनदा लिहून देल्लं मी. तारखेनं काय बिघडते, हे मले काय मालूम?"

मला खडकटोला आठवला. मुखरूने पाहिलेला हिरवा दिवा आणि नेटवर्कचा लाल, दोन्ही खरे होते, टॉवरवाल्यांनी काहीही लिहून देवो. खडकटोल्याची पेटी आठ एप्रिलला ऊन पडल्यावर पुन्हा चालू झाली होती. नऊ तारखेच्या पहाटेही ती चालू होती आणि दर मिनिटाला लिहीत होती: भोंगा तयार, नेटवर्क नाही. फक्त तारीख जानेवारीची. अकरा तारखेला नेटवर्क आलं तेव्हा तिने त्या सगळ्या ओळी इमानदारीने पाठवल्या. मी कप्पे करताना त्यांना जानेवारीच्या कप्प्यात घातलं. मग तो कप्पा मी काढून टाकला. चार दिवसांनी मुखरूला म्हटलं, पाहा, काहीच नाही. जुनी डिलीट, ती धापा टाकणारी, त्या ओळींना जुलैपर्यंत हात लावणार नव्हती, कारण त्या पोचल्या एप्रिलमध्ये होत्या.

पेटीतही काही उरलं नव्हतं, ती आठ दिवसांपलीकडचं पुसते. डिस्कवरच्या त्या जागेवर केव्हाच नव्या ओळी बसल्या होत्या. साहेब म्हणाले, समितीचं काम संपलंय, आता कशाला उकरून काढता, सरकारशी करार आहे आपला. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग सगळं कागदावर लिहिलं, कप्पा मी काढला हेही लिहिलं, सही केली आणि वाजिदच्या मोटरसायकलवर मागे बसून खडकटोल्याला गेले.

मुखरू अंगणात दोरी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, अगदी सोपं करून. पेटीचं घड्याळ चुकलं होतं. पेटी चालू होती. नेटवर्क नव्हतं म्हणून भोंगा वाजला नाही. तुमी बंद केली नोती, भाऊ. चूक माही हाय.

तो मान हलवत ऐकत होता. गावात सरकारी माणूस आला की हलवतात, तशी.

"बाई, म्या पंचापुढं कबूल केलं," तो म्हणाला. "दंड देल्ला. गावाले जेवण देल्लं. आता लोक बोलून राह्यले मायासंग."

"पण ते खोटं हाय नं भाऊ. तुमी तं म्हणत होते, हिरवा दिवा पाह्यला म्हणून."

"म्हणत होतो. मंग तुमी दाखवलं, तिथी काईच नोतं. म्या घरी येऊन लय इचार केला. मशीन कायले खोटं बोलंन? रोज इचार करता करता मले दिसाले लागलं. संध्याकायची येळ हाय, पोट्टे कल्ला करून राह्यले, अन् म्या बटन दाबून राह्यलो. माहाच हात हाय, बाई. म्या वयखतो माहा हात."

"ते फेब्रुवारीतलं असंन, भाऊ."

"नाई. आदल्या दिवशीचंच हाय."

मी कागद पुढे केला. त्याने घेतला, घडी न मोडता मांडीखाली ठेवला आणि पुन्हा दोरी वळू लागला. त्याच्या हातांकडे बघवेना.

सुकरी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. वाजिद मोटरसायकल वळवत होता, तेवढ्यात ती कुंपणापाशी आली. 

"त्या ओळी परत आणता येते का?" तिने विचारलं.

"नाई."

"एकबी? त्याले दाखवाले एकच पायजे होती."

"एकबी नाई."

तिने मागे बापाकडे पाहिलं.

"मंग आता त्याले कोण सांगंन?" ती म्हणाली. "माहं तं तो आयकनार नाई. मीच त्याले रोज म्हणत होती, तूनंच बंद केली."