चार जीबी जागा

२०२४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. माझी सून दुर्गेश्वरी कुडव्याला अंगणवाडी सेविका. दुसऱ्या दिवशी मुलांची वजनं होती आणि ती भरायचं अॅप तिच्या फोनवर उघडेना. आधी फोनचं सॉफ्टवेअर नवीन करा, म्हणे. त्याला चार जीबी जागा हवी होती. उरली होती अर्धी.

दुपारी केंद्र बंद करून ती आली, ओसरीवर मटकन बसली. स्टोरेजचा स्क्रीनशॉट काढून तिनं ओमेशला पाठवला. माझा मुलगा आमगावला कापडाच्या दुकानात असतो. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्यानं त्यावर दोन लाल गोल काढून पाठवले. एक माझ्या नातवाच्या, टिंकूच्या गेमवर, दीड जीबी. दुसरा व्हिडिओंवर.

व्हिडिओंमध्ये मोठे होते ते सुशीलेचे. माझी ही बहीण सौंदडला असते. माझा फोन साधा बटणांचा, म्हणून त्या साली रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या बायांची गाणी तिनं बांधावरून टिपून दुर्गेश्वरीला व्हाट्सअॅपवर पाठवली होती. आमची माय धानाच्या बांधीत म्हणायची तीच गाणी. मला आता अर्ध्याच ओळी आठवतात. संध्याकाळी सून ती लावून द्यायची.

मी म्हटलं, गाणी राहू दे. सुनेनं फोन लावला.

"आई, गॅलरीतून काढायचे आहेत फक्त," ओमेश म्हणाला. "व्हाट्सअॅपवर राहतातच ना. एकच चीज दोन जागी कायले ठेवता?"

मलाही पटलं. गेम गेला, टिंकू रुसला. गाणी गेली. तरी आकडा दोन जीबीवरच अडला. दुर्गेश्वरी डोकं धरून बसली. पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा फोन. काढलेले व्हिडिओ महिनाभर कचरापेटीत पडून राहतात आणि तेवढी जागा अडवतात, असं कळलं. तिनं पेटी रिकामी केली. जागा झाली, अॅप उघडलं.

संध्याकाळी मी गाणं लाव म्हटलं. व्हाट्सअॅपवर धुरकट चित्रं होती. बोट लावलं की फाईल सापडत नाही, पुन्हा मागवा. फाईल एकच होती. दोन ठिकाणी दिसत होती एवढंच.

सुशीलेला विचारलं. "तुह्याजवळ हायेत म्हनून माह्या फोनमधून काढून टाकलो ना बाई," ती म्हणाली. "माहा फोनबी भरून राहिला होता."

सून माझ्याकडे न बघता भात टाकायला उठली.

दुर्गेश्वरीनं पुढं मोठ्या जागेचा फोन घेतला, हप्त्यावर. ओमेश दुकानातच आहे; कोणी काय काढू विचारलं तर घरी येऊन बघतो म्हणतो. टिंकूचा गेम पुन्हा आला, तो आता दुसराच खेळतो. सुशीला पुढच्या रोवण्याला फोन घेऊन बांधावर उभी राहिली, पण या वेळी बाया मध्य प्रदेशातल्या, बालाघाटकडच्या होत्या. त्यांची गाणी चांगली आहेत. ती मला येत नाहीत.