माझ्या फोटोचं पान

पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये साड्यांच्या घड्या तपासणं, हा माझा पोटाचा धंदा. पण कीर्तनं ऐकता ऐकता मीही पदं रचायला लागलो आणि दर पदाच्या शेवटी 'धुडकू म्हणे' ठोकायला लागलो. आमचे कीर्तनकार सुकदेवबुवा एकदा म्हणाले, "धुडकूभाऊ, पुस्तक छापा. सप्ताहात मी त्यातूनच गाईन." झालं! बुवांच्या तोंडून, भरल्या मंडपात, माझं नाव! देव भेटला नसता तरी चाललं असतं, इतकी ती इच्छा.

पदांची वही घेऊन भेस्तानला ललितच्या डीटीपीच्या दुकानात गेलो. एरवी तो लग्नपत्रिका आणि साडीच्या खोक्यांची लेबलं करायचा, पण पुस्तकाला त्याने जीव लावला. कापून झाल्यावर पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे माझ्या लांब ओळी मोडणार नाहीत. शिलाईच्या बाजूला समास जास्त, कारण बांधणीत तेवढा भाग आत जातो. पानाचा नंबर खाली, बाहेरच्या कोपऱ्यात. आणि दर पद दोन पानांचं, डाव्या पानावर सुरू होऊन उजव्यावर संपणारं.

"बुवाने पुस्तक उघडलं की आखं पद सामने," ललित आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला.

मला चिंता वेगळीच. "पानाच्या माथ्यावर ओळ असते ना? डावीकडे माझं नाव घाल, उजवीकडे पुस्तकाचं."

"काका, पद सुरू होतं त्या पानावर माथ्याची ओळ नाय घालत. ने तुमचं दरेक पद डाव्यावरच सुरू होतं."

म्हणजे माथ्यावर माझं नाव कुठेच नाही! तेवढ्यात दिसलं, सोळा-सोळा पानांच्या छपाईच्या चार फर्म्यांत शेवटचं चौसष्टावं पान कोरं राहत होतं.

"तिथे माझा फोटो बसेल?"

"बसेल ने."

"पण मागे कशाला? कवी काय मागच्या दाराने येतो? पुढे घाल, नावाच्या पानानंतर."

"मग सगळं एक पान सरकेल, काका. विचार करो."

"सरकू दे!"

सरकलं. आता पदं उजव्या पानावर सुरू होऊन पान उलटल्यावर डाव्यावर संपायला लागली. डाव्यावर पद सुरू होत नसल्याने तिथे माथ्याची ओळ आली आणि दर डाव्या पानावर माझं नाव झळकलं. ही विठ्ठलाचीच कृपा, असं मी समजलो. लेझर प्रिंटरवर काढलेली सुटी पानं एकावर एक ठेवून पाहिली. सुरेख!

घरी बायकोने, मालतीबाईने, फोटो पाहिला. "देवना पुस्तकमा तुम्हना फोटो कसाले?"

"कवीची ओळख नको?"

"बठ्ठा वळखतस तुम्हले. म्हणीसन इचारी ऱ्हायनू." सगळे ओळखतात, म्हणूनच विचारते म्हणे!

छपाईच्या प्लेटी करायला देण्याआधी ललितने पानं पाठीला पाठ चिकटवून पुस्तकासारखी डमी बांधली. ती मी बुवांना दिली. एकादशीचं कीर्तन होतं. बुवांच्या एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात माझी डमी. मी पुढेच बसलो, कान टवकारून.

बुवांनी पद असं उचललं की मृदंगवाला हलला. उजवं पान संपलं. पुढची ओळ पानामागे. बुवांनी अंगठ्याने पान उलटायचा यत्न केला, दोन पानं एकदम आली. चिपळ्या थांबवाव्या तर ताल मोडतो. बुवा धृपदावर परतले. पुन्हा अंगठा, पुन्हा धृपद. तिसऱ्यांदा माझ्याकडे एक नजर टाकली आणि सरळ नामाचा गजर धरला. मंडप डुलायला लागला.

माझी शेवटची ओळ, 'धुडकू म्हणे विठो, माझा धागा तूच ओढ', पानामागेच राहिली. तिच्या माथ्यावर माझं नाव ठसठशीत छापलेलं होतं.

कीर्तन झाल्यावर बुवा हसत म्हणाले, "धुडकूभाऊ, गायला दोन हात पुरतात. तुमचं पुस्तक धरायला तिसरा कुठून आणू?"

सकाळी ललितकडे गेलो. मला पाहताच त्याने फोटोचं पान उघडलं. तेच जास्त लागलं.

"फोटो काढ," मी म्हणालो.

"पाछळ मूकू? चौसष्टवर?"

"मूक, मागेच ठेव. माझी जागा चपलांपाशीच."

पदं पुन्हा डावीकडे आली आणि माथ्यावरची माझी सगळी नावं एका झटक्यात गेली.

सप्ताहात बुवांनी पुस्तक उघडलं, अंगठा समासात ठेवला आणि पद शेवटपर्यंत गायलं. 'धुडकू म्हणे' आलं तेव्हा ते अख्ख्या मंडपाने झेललं. शेजारचे एक आजोबा डोळे पुसत मला म्हणाले, "कोण हो हा धुडकू? जुना संत दिसतो."

मी नुसता हात जोडून बसलो. सांगायचं तर होतं. पण मालतीबाई माझ्याकडेच बघत होती.